फोटोवरून गाईचं वजन कसं काढायचं? छातीचा घेर, लांबी आणि मोबाईलचा कॅमेरा

गोठ्यातल्या गाईचं वजन किती असेल हा प्रश्न दिसतो तितका हौसेचा नाही. जंताचं औषध द्यायचं झालं तरी डोस वजनावर ठरतो. फेनबेंडाझोलचंच बघा. गाईला साधारण दर किलोमागे ५ मिलीग्रॅम असा हिशोब असतो. गाय खरी ४३० किलोची असेल तर २१५० मिलीग्रॅम लागतं. तुम्ही अंदाजाने ३७० किलो धरलं तर १८५० मिलीग्रॅमच जाईल. औषध कमी पडलं की सगळे जंत मरत नाहीत, आणि जे वाचतात त्यांच्यावर पुढच्या वेळी तेच औषध चालेनासं होतं. डोस डॉक्टरच ठरवतील, पण डॉक्टरही आधी हेच विचारतात, "वजन किती असेल हो?"

जनावराचा काटा गोठ्यात कुणाकडे नसतो. म्हणून टेपने माप घेऊन सूत्रात घालायची पद्धत फार जुनी आहे. आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आल्यावर साहजिकच मनात येतं, की बाजूने एक फोटो काढला आणि त्यावरून माप घेतलं तर? जमतं, पण त्यात दोन ठिकाणी मोठी फसगत होते. ती कुठे होते आणि ती कशी टाळायची, हे आज नीट बघू.

आधी सूत्र समजून घेऊ

सगळ्यात जास्त वापरलं जाणारं सूत्र शेफर यांच्या नावाने ओळखलं जातं. मूळ सूत्र इंच आणि पौंडात आहे. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ३००. सेंटीमीटर आणि किलोमध्ये आणलं की ते असं होतं:

वजन (किलो) = घेर × घेर × लांबी ÷ १०८४०

तुमची टेप इंचाची असेल तर १०८४० च्या जागी ६६० घ्या, उत्तर किलोतच येईल.

यात घेर म्हणजे छातीचा घेर, पुढच्या पायांच्या कोपराच्या लगेच मागून. देशी गाईला वशिंड असतं, तेव्हा टेप वशिंडाच्या मागून खाली उतरली पाहिजे, वशिंडावरून नाही. लांबी म्हणजे खांद्याच्या पुढच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला जे टोकदार हाड हाताला लागतं तिथपर्यंत. त्याला आपण बसण्याचं हाड म्हणू. लांबी सरळ रेषेत घ्यायची, पोटाच्या फुगवट्यावरून टेप वळवत न्यायची नाही. काही जण वशिंडापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठीवरून मोजतात. ते माप वेगळं आहे, या सूत्रात ते घातलं की उत्तर चुकतं.

हा १०८४० आकडा कुठून आला असं वाटत असेल तर एक गंमत करून बघा. गाईचं धड म्हणजे एक आडवा पिंप समजा. पिंपाचा घेर आणि लांबी माहीत असेल तर आतलं घनफळ काढता येतं. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले १२.५७ (म्हणजे चार गुणिले पाय). उत्तर घन सेंटीमीटरमध्ये येतं, त्याला १००० ने भागलं की लिटर. शरीराचं एक लिटर म्हणजे जवळपास एक किलो, कारण त्यात बहुतेक पाणीच असतं. म्हणजे नुसत्या पिंपाचं वजन काढायचं तर भागाकार १२५७० ने करायला हवा. सूत्रात मात्र १०८४० आहे, म्हणजे उत्तर साधारण १६ टक्क्यांनी जास्त येतं. हे वरचे १६ टक्के कशाचे? पिंपात न धरलेलं डोकं, मान आणि चार पाय. तेवढं सगळं या एका आकड्यात कोंबलेलं आहे. म्हणूनच हे सूत्र अंदाज देतं, काट्याइतकं अचूक वजन देत नाही. लांब पायांची सडपातळ खिल्लार आणि रुंद पोटाची एचएफ संकरित गाय, दोघींच्या डोक्या-पायांचा वाटा सारखा कसा असेल?

फोटोत घेर दिसतच नाही

पहिली फसगत इथे आहे. बाजूने फोटो काढला की गाईची लांबी दिसते आणि छातीची उंची दिसते, म्हणजे पाठीपासून छातीच्या तळापर्यंतचं अंतर. याला आपण छातीची खोली म्हणू. घेर मात्र गोल फिरून येतो. त्यासाठी छाती रुंद किती आहे हेही माहीत पाहिजे, आणि ती रुंदी कॅमेऱ्याच्या दिशेने असल्यामुळे फोटोत शून्य दिसते.

याने फरक किती पडतो? छातीचा आडवा छेद अंड्यासारखा लंबगोल धरू. रुंदी खोलीच्या निम्मी असेल तर घेर खोलीच्या २.४२ पट येतो. रुंदी खोलीच्या ६० टक्के असेल तर २.५५ पट, आणि ७० टक्के असेल तर २.६९ पट. आता अशा दोन गाई डोळ्यासमोर आणा, ज्या बाजूने अगदी सारख्या दिसतात. एक चपट्या छातीची, दुसरी भरलेल्या छातीची. घेरात फरक ११ टक्के. सूत्रात घेराचा वर्ग आहे, म्हणून वजनात फरक जवळपास २३ टक्के! फोटो मात्र दोघींचा एकच.

मग मागून अजून एक फोटो काढून रुंदी मोजली तर? कल्पना चांगली आहे, पण गाय साथ देत नाही. मागून बघितलं की पोटाचा फुगवटा आणि कमरेची हाडं छातीच्या बाहेर येतात, छाती त्यांच्यामागे लपते. पुढून बघितलं तर खांदे आड येतात. छातीची खरी रुंदी स्वच्छ दिसेल अशी जागाच नाही.

तेव्हा सोपा आणि भरवशाचा उपाय एकच. त्या गाईचा घेर एकदा तरी हाताने मोजायचा, त्याच वेळी फोटो काढायचा, आणि घेर भागिले खोली हा तिचा स्वतःचा गुणक काढून ठेवायचा. पुढच्या फोटोंना हाच गुणक लावायचा. कुणी म्हणेल, टेप लावायचीच तर फोटो कशाला? बरोबर आहे, ज्या दिवशी टेप लावता येते त्या दिवशी टेपच लावा, ती फोटोपेक्षा नेहमीच बरी. फोटोचा उपयोग दर महिन्याला नोंद ठेवायला, हात लावू न देणाऱ्या गाईसाठी, आणि तुम्ही पुण्यात नोकरीला नि गोठा गावाला असेल तर घरच्यांकडून फोटो मागवून बघायला.

सुतळीची युक्ती

शिंप्याची टेप सहसा १५० सेंटीमीटरची असते. मोठ्या गाईच्या छातीला ती पुरत नाही. म्हणून सुतळी घ्या, शक्यतो लाल किंवा निळ्या रंगाची. कोपराच्या मागून, वशिंडाच्या मागून छातीभोवती एक वेढा द्या, घट्टही नाही आणि सैलही नाही, सुतळीखाली एक बोट सरकेल इतपत, आणि गाठ मारा. आता सुतळी तशीच ठेवून फोटो काढा. फोटो झाला की सुतळी गाठीपाशी धरून सोडा आणि जमिनीवर पसरून मोजा. हा झाला घेर.

या सुतळीचं दुसरं काम फोटोत आहे. छातीची खोली नेमकी कुठून कुठपर्यंत मोजायची ते ती दाखवते. सुतळीचं वरचं टोक पाठीवर, खालचं छातीच्या तळाला. सुतळी नसेल तर इथे हमखास गोंधळ होतो. गीर किंवा खिल्लारच्या गळ्याखालची पोळी पुढच्या पायांच्या मधे लोंबते आणि छाती तिथपर्यंत आहे असं वाटतं. पांढऱ्या पोटाच्या एचएफ गाईचा तळ उन्हात उजळ जमिनीत मिसळून जातो. पुढच्या महिन्यांतही फोटो काढताना गाय जवळ येऊ देत असेल तर सुतळी बांधाच. नसेल तर निदान त्याच जागी खडूने एक उभी रेघ ओढून बघा.

काठी कुठे धरायची, यावर सगळं अवलंबून आहे

फोटोत गाय किती पिक्सेलची आहे ते कळतं, किती सेंटीमीटरची आहे ते कळत नाही. त्यासाठी फोटोत माहीत असलेल्या लांबीची एखादी वस्तू लागते. एक सरळ काठी घ्या, तिच्यावर बरोबर १०० सेंटीमीटर अंतरावर दोन ठिकाणी रंगीत चिकटपट्टी गुंडाळा.

दुसरी फसगत ही काठी ठेवताना होते. बहुतेक जण काठी गाईच्या अंगाला टेकवून उभी करतात, आपल्या बाजूला, म्हणजे कॅमेऱ्याच्या जवळ. पण पाठीचा कणा आणि छातीचा तळ गाईच्या मध्यावर असतात, काठीपेक्षा वीस-बावीस सेंटीमीटर मागे. जवळची वस्तू मोठी दिसते हे आपल्याला माहीतच आहे. तुम्ही ३ मीटरवरून फोटो काढला आणि काठी मध्यापेक्षा २२ सेंटीमीटर पुढे असली, तर छातीची खोली ७ टक्क्यांनी कमी येते. खोलीवरून घेर, आणि घेराचा वर्ग. म्हणजे वजन १४ टक्क्यांनी कमी. ४३० किलोची गाय ३७० ची झाली. सुरुवातीला डोसच्या हिशोबात जो फरक बघितला तो एवढ्याने पडू शकतो, आणि यात कुणी काही वेडंवाकडं केलेलं नसतं.

यावर दोन उपाय, दोन्ही एकदम करा. एक, काठी गाईच्या पाठीच्या कण्याच्या रेषेत उभी करा, म्हणजे शेपटीच्या मागे, मधोमध. कुणीतरी मागे थोडं लांब उभं राहून ती धरेल. लाथाळ गाय असेल तर तोंडाच्या पुढे धरा. दोन, लांब जा. ६ मीटरवर गेलात की वरची तीच चूक ७ टक्क्यांवर येते. लांब गेल्यावर गाय लहान दिसते, तर २एक्स झूम करा. झूमने काही बिघडत नाही, कारण जवळचं मोठं आणि लांबचं लहान दिसणं हे तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं, झूमवर नाही. ०.५एक्स म्हणजे अल्ट्रावाइड मात्र चुकूनही वापरू नका. त्याने कडेच्या वस्तू ताणल्या जातात, आणि आपली काठी नेमकी कडेलाच असते.

फोटो काढताना खाली बसा. कॅमेरा गाईच्या धडाच्या मध्याइतक्या उंचीवर हवा. उभं राहून वरून खाली काढलेल्या फोटोत पाठ जास्त दिसते आणि छातीचा तळ आत जातो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली ग्रिड चालू करा, म्हणजे फोन तिरका आहे का ते लगेच समजतं. गाय सपाट जमिनीवर, चारही पायांवर सारखा भार देऊन, मान समोर ठेवून उभी असावी. ती मान खाली घालून चरत असेल तर खांद्याचं टोक सरकतं, तेव्हा थोडं थांबा. एकाच फोटोवर समाधान मानू नका, दर वेळी तीन काढा.

पिक्सेल मोजायचे कसे

लॅपटॉपवरचं साधं पेंट पुरतं. फोटो उघडून माऊस ज्या बिंदूवर न्याल त्याचे दोन आकडे खाली डावीकडे दिसतात, आडवा आणि उभा. काठी आणि खोली उभी असते, म्हणून दोन टोकांच्या उभ्या आकड्यांची वजाबाकी करा. लांबीची रेषा थोडी तिरकी असते, कारण खांद्याचं टोक बसण्याच्या हाडापेक्षा खाली असतं. तिथे आडव्या फरकाचा वर्ग अधिक उभ्या फरकाचा वर्ग, आणि त्याचं वर्गमूळ. शाळेतला पायथागोरस इथे कामाला येतो.

लॅपटॉप नसेल तर मोबाईलच्या स्क्रीनवर सरळ शाळेची पट्टी ठेवली तरी तत्त्व तेच आहे, कारण आपल्याला फक्त काठीच्या तुलनेत प्रमाण हवं. पण मोबाईलवर छाती जेमतेम तीनेक सेंटीमीटरची दिसते. तिथे पट्टी वाचताना एक मिलीमीटर चुकला की खोलीत ३ टक्के आणि वजनात ६ टक्के फरक. तेव्हा पट्टीचा उपाय अगदीच अडलं तर.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आला तरी चालतो. आकाराने लहान होतो, पण उंची-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. कडा कापलेल्याही चालतात. फक्त एखाद्या एडिटिंग अ‍ॅपमध्ये फोटो ताणून चौकोनी केलेला नको.

गुगल शीट्समध्ये एकदा मांडणी केली की दर महिन्याला फक्त आकडे भरायचे. A2 मध्ये काठीचे पिक्सेल, B2 मध्ये काठीची खरी लांबी सेंटीमीटरमध्ये, C2 मध्ये गाईच्या लांबीचे पिक्सेल, D2 मध्ये छातीच्या खोलीचे पिक्सेल आणि E2 मध्ये तिचा गुणक. F2 मध्ये हे टाका:

```
=(D2*B2/A2*E2)^2*(C2*B2/A2)/10840
```

एक उदाहरण पूर्ण करून बघू

समजा, तुमची एचएफ संकरित गाय आहे, दोन वेतं झालेली. पहिल्या दिवशी सुतळीने घेर आला १७८ सेंटीमीटर आणि टेपने लांबी १४७. त्याच दिवशीच्या फोटोत १०० सेंटीमीटरची काठी ६४० पिक्सेल आहे, म्हणजे एका सेंटीमीटरला ६.४ पिक्सेल. गाईची लांबी ९४१ पिक्सेल, भागिले ६.४, म्हणजे १४७. टेपशी जुळलं, फोटो चांगला आहे. छातीची खोली ४३५ पिक्सेल, म्हणजे ६८ सेंटीमीटर. गुणक झाला १७८ ÷ ६८ = २.६२.

वजन: १७८ × १७८ × १४७ ÷ १०८४० = साधारण ४३० किलो.

महिन्याने पुन्हा फोटो. या वेळी तुम्ही थोडे लांब होतात, काठी ६०० पिक्सेलची आली. लांबी ८८२ पिक्सेल, म्हणजे पुन्हा १४७. खोली ४१४ पिक्सेल, म्हणजे ६९ सेंटीमीटर. गुणिले २.६२ केलं की घेर १८०.८. सूत्रात घातलं की वजन ४४३ किलो.

गाय १३ किलोंनी वाढली? थांबा, इतक्यात पेढे नकोत. खोलीत फरक किती पडला? एक सेंटीमीटर. फोटोत तो ६ पिक्सेल, म्हणजे केसांच्या कडेवर माऊस थोडा वर ठेवला की खाली ठेवला एवढाच. या गाईच्या बाबतीत खोलीचा एक सेंटीमीटर म्हणजे वजनाचे साधारण १३ किलो, हे गणित पाठच करून ठेवा. म्हणून तीन फोटो काढायचे, तिन्हींची वजनं वेगवेगळी काढायची आणि मधली धरायची. तिन्हींमध्ये आपापसातच पंधरा-वीस किलोंचा फरक असेल, तर १३ किलोंच्या वाढीला काही अर्थ नाही. दोन-तीन महिने सलग आकडा एकाच दिशेने गेला तर मात्र त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

फोटो खराब आहे हे फोटोच सांगतो

या पद्धतीतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लांबीची पडताळणी. पूर्ण वाढलेल्या गाईची हाडं वाढत नाहीत. ती जाड होईल, बारीक होईल, पण खांद्याच्या टोकापासून बसण्याच्या हाडापर्यंतचं अंतर तेच राहणार. तेव्हा पुढच्या कुठल्याही फोटोत लांबी १४७ च्या आसपास आली पाहिजे. १४१ आली तर समजा, गाय कॅमेऱ्याला समांतर नव्हती. साधारण १५ अंश वळली की लांबी साडेतीन टक्क्यांनी कमी दिसते, २० अंशांना ६ टक्के. डोळ्याला हे वळण पटकन कळत नाही. दोन्ही बाजूंची बसण्याची हाडं दिसत असतील किंवा छातीचा पुढचा भाग दिसत असेल तर गाय नक्की वळलेली आहे. लांबी उलट १५३ वगैरे आली तर काठीकडे बघा, ती बहुतेक गाईच्या पलीकडे गेली आहे किंवा कॅमेऱ्याकडे झुकली आहे. अशा फोटोतलं वजन दुरुस्त करत बसू नका, तो फोटो सोडून द्या.

कालवडीला मात्र ही पडताळणी लागू नाही, तिची लांबी खरोखरच वाढत असते. शिवाय वाढत्या जनावराच्या छातीचा आकारही बदलतो, त्यामुळे जुना गुणक फार दिवस चालत नाही. कालवडीला दर महिन्याला सुतळीच लावलेली बरी.

मोठ्या गाईचा गुणकही कायमचा नसतो. गाय उतरते किंवा भरते तेव्हा बरगड्यांवरची चरबी आणि मांस कमी-जास्त होतं आणि रुंदी बदलते. फोटोत ते दिसत नाही. म्हणून व्यायल्यानंतर, आजारातून उठल्यानंतर, किंवा बरगड्या पूर्वीपेक्षा जास्त दिसायला लागल्या की गुणक नव्याने काढा. नाहीतर वाळलेल्या गाईचं वजन फोटो जास्तच सांगत राहील.

छातीला पोटाचा पत्ता नसतो

सूत्र छातीवरून वजन सांगतं. गाईने नुकताच चारा खाल्ला, वर दोन बादल्या पाणी प्यायली, तर काट्यावर तिचं वजन वीस-तीस किलोंनीही वाढलेलं दिसेल, पण छातीचा घेर तेवढाच राहील. तसंच गाभणपणाचं. शेवटच्या दोन महिन्यांत वासरू, गर्भजल, वार या सगळ्याचं वजन पोटात असतं आणि सूत्राला ते जवळपास दिसत नाही. फोटो रोज एकाच वेळी, सकाळी वैरण टाकायच्या आधी काढायचा तो यासाठी, आणि गाभण गाईच्या आकड्याशेजारी "गाभण, आठवा महिना" असं लिहून ठेवायचं ते यासाठी.

आपल्या गाईला हे सूत्र कितपत लागू पडतं ते तपासायचं असेल तर गावाजवळ ट्रकचा वजनकाटा असतोच. गाय दवाखान्यात किंवा बाजारात न्यायची असेल तेव्हा वाटेत पिकअप गाईसकट काट्यावर घाला, गाय उतरवल्यावर रिकामी पिकअप पुन्हा घाला, वजा करा. दोन्ही वेळा ड्रायव्हर आत तरी असू दे किंवा बाहेर तरी, नाहीतर गाईच्या वजनात ड्रायव्हरही मोजला जाईल. ट्रकचा काटा सुटे किलो दाखवत नाही, आकडा दहा-वीस किलोंच्या टप्प्याने येतो, पण इथे तेवढं पुरतं. काटा ४०० सांगत असेल आणि सूत्र ४३०, तर तुमच्या गाईसाठी १०८४० ऐवजी ११६५० घ्या. खिल्लार, डांगी अशा देशी गाईंच्या बाबतीत ही तपासणी करूनच पुढे जा.

अ‍ॅप असेल तर?

फोटोवरून जनावराचं वजन सांगणारी अ‍ॅप्स आहेत. ती आतून वेगवेगळ्या पद्धतीने काम करतात, पण कुठलंही अ‍ॅप घेतलंत तरी त्याला दोन प्रश्न विचारा. याला सेंटीमीटर कुठून कळतात? आणि याला छातीची रुंदी कुठून कळते? अ‍ॅप एखादा स्टिकर किंवा कार्ड गाईच्या अंगाला लावायला सांगत असेल तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे. फोनमध्ये अंतर मोजणारा सेन्सर असेल आणि अ‍ॅप तो वापरत असेल तरीही आहे. काहीच न मागता एका साध्या फोटोवरून "४३७ किलो" असा नेमका आकडा देत असेल, तर ते त्या आकाराच्या गाईंची सरासरी सांगतंय असं समजा. तपासायचं असेल तर त्याच गाईचा एक फोटो ३ मीटरवरून आणि एक ६ मीटरवरून काढून दोन्ही द्या. आकडे किती हलतात ते बघा.

विकाऊ गाईच्या फोटोंचं गणित आणखी कठीण आहे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येणाऱ्या फोटोत काठी नसते, आणि फोटो सहसा जवळून, खालून, कधी अल्ट्रावाइडने काढलेला असतो. असा फोटो गाय भरदार दाखवतो. त्यावरून वजन काढताच येत नाही, कितीही सूत्रं माहीत असली तरी. नुसत्या तोंडी घेरावरही जाऊ नका. १७८ चा घेर कुणी १९० सांगितला तर बाकी सगळं तेच असताना वजन ४३० वरून ४९० वर जातं, म्हणजे बारा सेंटीमीटरला साठ किलो. विकणाऱ्याला सांगा, "दादा, कोपराच्या मागून सुतळी बांधा आणि ती सोडून टेपवर ठेवेपर्यंत एकच सलग व्हिडिओ पाठवा." व्हिडिओ मधे तुटलेला नको. सुतळी वशिंडाच्या मागून गेली आहे ना, आणि टेपचा शून्याचा आकडा गाठीपाशीच आहे ना, एवढं थांबवून बघा.